बिलिंग अ‍ॅपचं परीक्षण: सहा व्यवहार, तीन फोन आणि एक एक्सेल फाइल

कराडला माझ्या मामांचं स्टेशनरीचं दुकान आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी एका अ‍ॅपची वर्गणी संपल्यावर दुसरं अ‍ॅप घ्यायचं ठरवलं. जुन्या अ‍ॅपमधून डेटा बाहेर काढायला बसलो तेव्हा कळलं, की बिलं फक्त पीडीएफ म्हणून निघतात, तीही एकेक करून. ग्राहकांची यादी निघाली, पण तिच्यात उधारीचा रकानाच नव्हता. मामी आणि मी दोन रविवार बसून साठेक लोकांची बाकी हाताने उतरवून घेतली. अ‍ॅप घेण्याआधी मी पंधरा-वीस परीक्षणं वाचली होती. सगळ्यांत ‘वापरायला सोपं’, ‘डिझाइन छान’ असं होतं. डेटा बाहेर कसा निघतो, हे एकानेही पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून मी ओळखीच्या दुकानांसाठी अ‍ॅप तपासून द्यायला लागलो. नव्याने परीक्षण लिहू पाहणाऱ्यांसाठी माझी पद्धत इथे देतो. तीन गोष्टी बघायच्या: मांडणी, म्हणजे अ‍ॅप दुकानासाठी तयार करायला किती त्रास होतो, मदत, म्हणजे अडल्यावर कोण आणि कधी उत्तर देतं, आणि डेटा बाहेर काढणं. सगळ्यात जास्त वेळ तिसऱ्या गोष्टीला द्यायचा, कारण पहिल्या दोन दुकानदाराला आठवड्याभरात आपोआप कळतात. तिसरी कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

आधी कागदावर दुकान मांडा

अ‍ॅप उतरवून घ्यायच्या आधी एक छोटं नमुना दुकान कागदावर तयार करायचं आणि त्याची उत्तरं हाताने काढून ठेवायची. उत्तर आधी माहीत नसेल तर अ‍ॅप जे दाखवेल ते बरोबरच वाटतं. खरं दुकान टाकून बघू नका. सहाशे वस्तूंमध्ये चूक कुठे आहे ते सापडत नाही, शिवाय खऱ्या ग्राहकांचे मोबाइल नंबर अनोळखी कंपनीकडे विनाकारण जातात.

माझ्या नमुना दुकानात चारच वस्तू आहेत. दोनशे पानी वही ४० रुपये, कर शून्य, सुरुवातीचा साठा ६० नग. कंपासपेटी १०५ रुपये, कर ५ टक्के, साठा २०. कॅल्क्युलेटर ५९० रुपये, कर १८ टक्के, साठा ५. आणि रजिस्टर ११८ रुपये, कर १८ टक्के, साठा ३०. सगळ्या किमती करासकट, कारण स्टेशनरीच्या काउंटरवर माल छापील किमतीवरच विकला जातो. हे दर २२ सप्टेंबर २०२५ पासूनचे आहेत. त्या दिवशी वह्यांवरचा कर शून्य झाला आणि कंपासपेटी १२ वरून ५ टक्क्यांवर आली. वही आणि रजिस्टर मी मुद्दाम घेतले आहेत. दोघांचा एचएसएन, म्हणजे मालाच्या प्रकाराचा कोड, ४८२० हाच आहे, पण दर वेगळे आहेत. एचएसएन टाकला की दर आपोआप भरणारी अ‍ॅप इथे हमखास अडखळतात. वहीवर १८ टक्के आले, तर ते तिथेच टिपून ठेवायचं.

खाती तीन. शिंदे सर, सुरुवातीची उधारी १,२५० रुपये. एक शिकवणी वर्ग, ज्याने ३०० रुपये आगाऊ देऊन ठेवले आहेत. आणि बेळगावची एक शाळा, नोंदणीकृत, तिच्या जीएसटी क्रमांकाची सुरुवात २९ ने, म्हणजे कर्नाटक. महाराष्ट्राचा २७ आहे. अ‍ॅपने हे दोन आकडे बघून राज्याबाहेरचा आयजीएसटी स्वतःहून लावायला हवा. चाचणीसाठी पंधरा अक्षरी क्रमांक मनाने रचला तर बरीच अ‍ॅप तो नाकारतात, कारण त्यातलं शेवटचं अक्षर आधीच्या चौदांवरून गणित करून ठरलेलं असतं. अशा वेळी ओळखीतल्या, कर्नाटकात माल देणाऱ्या व्यापाऱ्याला विचारून खरा क्रमांक वापरा आणि चाचणी झाल्यावर काढून टाका.

आता व्यवहार.

पहिलं बिल रोखीचं: सहा वह्या, एक कंपासपेटी, एक कॅल्क्युलेटर. २४० + १०५ + ५९० = ९३५ रुपये. त्यातला कर ९५: कॅल्क्युलेटरचे ९० आणि कंपासपेटीचे ५.

दुसरं बिल शिंदे सरांचं, उधारीवर. माल तोच, पण संपूर्ण बिलावर ५ टक्के सूट. रक्कम ८८८.२५, पूर्णांकात ८८८.

तिसरं बेळगावच्या शाळेचं, दहा रजिस्टरं, १,१८० रुपये. त्यात आयजीएसटी १८०.

चौथं शिकवणी वर्गाचं, एक डझन वह्या, ४८० रुपये. आगाऊचे ३०० वजा जाऊन १८० बाकी.

पाचवं रोखीचं, दोन कंपासपेट्यांचं २१० रुपयांचं बिल करायचं आणि लगेच रद्द करायचं.

सहावा व्यवहार म्हणजे परतावा. शिंदे सर कॅल्क्युलेटर परत करतात. सूट दिलेली असल्याने ५९० नाही, ५६०.५० रुपये त्यांच्या खात्याला जमा.

याशिवाय दोन छोट्या नोंदी. शिंदे सर ५०० रुपये भरतात. आणि घाऊक व्यापाऱ्याकडून तीन डझन वह्या उधारीवर येतात, डझनाला ३६० रुपये.

कागदावरची उत्तरं अशी. शिंदे सरांची बाकी: १,२५० + ८८८ − ५६०.५० − ५०० = १,०७७.५० रुपये. अ‍ॅपने परतावाही ५६१ असा पूर्णांकात नेला असेल तर १,०७७, आणि तेही चालेल, फक्त ते पन्नास पैसे कुठे गेले हे खात्यात दिसायला हवं. शिकवणी वर्गाची बाकी १८०, शाळेची १,१८०, घाऊक व्यापाऱ्याचं देणं १,०८०. साठा: वह्या ७२, कंपासपेट्या १८, कॅल्क्युलेटर ४, रजिस्टरं २०. परतावा वजा जाता कर न धरता विक्री २,६४३ रुपये आणि कर २७९.७५.

हा एक कागद हाताशी असला की कुठलंही अ‍ॅप दोन तासांत बोलतं होतं.

मांडणी: घड्याळ लावून

फोन हातात घेतल्यापासून पहिलं बरोबर बिल निघेपर्यंत किती मिनिटं लागली, हे लिहून ठेवा. ‘बरोबर’ हा शब्द महत्त्वाचा आहे. जाहिरातीत दोन मिनिटांत बिल निघतं आणि निघतंही, पण ते बहुधा चुकीचं असतं.

पहिली चूक जवळपास ठरलेली आहे. वस्तू टाकताना किंमत करासकट की कराव्यतिरिक्त, असा एक पर्याय असतो आणि पुष्कळ ठिकाणी तो आधीपासून ‘कराव्यतिरिक्त’वर असतो. नवख्याला तो दिसतच नाही. मग ५९० चा कॅल्क्युलेटर बिलावर ६९६.२० ला जातो. छापील किमतीपेक्षा जास्त घेणं म्हणजे दुकानदारावर कारवाईची पाळी. हा पर्याय वस्तूवार आहे की एकदाच सगळ्या दुकानासाठी लावता येतो, हे परीक्षणात स्पष्ट लिहा. सहाशे वस्तू असलेल्या माणसाला नेमकं हेच हवं असतं.

दुसरी जागा म्हणजे सुरुवातीची बाकी. शिकवणी वर्गाचे ३०० आगाऊ आहेत, म्हणजे ते आपण त्यांना देणं लागतो. काही अ‍ॅपमध्ये ‘येणे’ आणि ‘देणे’ अशी दोन बटणं असतात, काहींत उणे चिन्ह टाकावं लागतं, आणि काहींत फक्त येणंच टाकता येतं. चौथं बिल झाल्यावर वर्गाची बाकी १८० ऐवजी ७८० दिसली, तर आगाऊ रक्कम उलट्या बाजूला बसली आहे.

तिसरी डझनाची. खरेदीची नोंद तीन डझन अशी केल्यावर साठ्यात ३६ वह्या वाढल्या पाहिजेत. विक्रीनंतर ३६ उरल्या होत्या, त्यात ३६ मिळून ७२. अ‍ॅप ३९ दाखवत असेल तर त्याने डझनालाच नग समजलं आहे. दुसरं एकक आणि त्याचं प्रमाण कुठे भरायचं, हे शोधायला मला एका अ‍ॅपमध्ये अर्धा तास लागला होता. किराणा आणि स्टेशनरीवाल्याला हे रोज लागतं. चपलांच्या दुकानाला कदाचित लागणारही नाही, म्हणून परीक्षण कुठल्या दुकानासाठी आहे ते वरतीच सांगावं.

दुसऱ्या बिलातली सूट मात्र सगळ्यात फसवी. सूट बिलावरच दाखवलेली असेल तर ती कर काढण्याआधीच्या किमतीतून वजा व्हायला हवी, जीएसटीच्या कायद्याचं म्हणणं तसंच आहे. मग करपात्र रक्कम कमी होते आणि करही ९५ वरून ९०.२५ वर येतो. काही अ‍ॅप आधी पूर्ण कर धरतात आणि सूट शेवटी एकूण रकमेतून कापतात. ग्राहकाला दोन्ही वेळा ८८८ रुपयेच द्यावे लागतात, त्यामुळे काउंटरवर कुणाच्याच लक्षात येत नाही. फरक फक्त कराच्या ओळीत दिसतो: ९५ आहेत की ९०.२५. एका बिलामागे पावणेपाच रुपये दुकानदार स्वतःच्या खिशातून भरतो आणि महिनोन्‌महिने भरत राहतो. बिलाचा पीडीएफ उघडा आणि कराची ओळ वाचा, एकूण रकमेवर जाऊ नका.

मराठीचंही बघून घ्या. वस्तूंची आणि ग्राहकांची नावं देवनागरीत टाका, शोधून बघा, आणि थर्मल प्रिंटरवर छापा. पडद्यावर सुंदर दिसणारी ‘कंपासपेटी’ कागदावर पुष्कळदा प्रश्नचिन्हांची माळ होऊन येते. स्वस्त प्रिंटरच्या आतल्या अक्षरसंचात देवनागरी नसते, म्हणून अ‍ॅपने बिल चित्रासारखं पाठवावं लागतं. तशी सोय आहे का, असल्यास छपाई किती मंदावते, हे तपासा. प्रिंटर ५८ मिलिमीटरचा की ८० चा, तेही लिहा. अरुंद कागदावर कराचे रकाने तुटून पुढच्या ओळीत जातात.

ज्यांचं दुकान कंपोझिशन योजनेत आहे त्यांच्यासाठी एकच तपासणी पुरेशी आहे. त्यांना ग्राहकाकडून कर वेगळा घेता येत नाही आणि ‘टॅक्स इन्व्हॉइस’ देता येत नाही, ‘बिल ऑफ सप्लाय’ द्यावं लागतं. अ‍ॅपमध्ये ही योजना निवडल्यावर बिलाचं नाव बदलतं का आणि कराची ओळ जाते का, एवढं पाहा.

मदत: तीन प्रश्न, तीन वेळा

मदतीबद्दल लिहिताना लोक ‘सपोर्ट चांगला आहे’ असं एका फोनवरून लिहून मोकळे होतात. एक फोन पुरत नाही. मी तीन वेगवेगळ्या वेळी तीन वेगवेगळे प्रश्न विचारतो आणि दर वेळी दोन वेळा टिपतो: माणसाने पहिलं उत्तर कधी दिलं, आणि प्रश्न सुटला कधी. ‘आपली तक्रार नोंदवली आहे’ हा आपोआप येणारा संदेश पहिलं उत्तर म्हणून धरायचा नाही.

पहिला प्रश्न सोपा, सोमवारी सकाळी अकराला: प्रिंटरच्या कागदाची रुंदी कुठे बदलायची? याला कुणीही उत्तर देऊ शकतं. इथे फक्त फोन उचलतात का आणि कुठल्या भाषेत बोलतात ते बघायचं. हिंदीत बोलले तरी हरकत नाही, पण दुकानात मामींनाच फोन करायचा असेल आणि त्यांना मराठीच सोयीची असेल, तर ही माहिती त्यांच्या कामाची आहे.

दुसरा प्रश्न शनिवारी संध्याकाळी सातला, जेव्हा दुकानात खरोखर गर्दी असते: सूट कराच्या आधी वजा व्हावी यासाठी काय करायचं? याचं उत्तर देणाऱ्याला बिलाचं गणित कळावं लागतं. चांगला माणूस विचारतो, की सूट वस्तूवर दिली की पूर्ण बिलावर. ज्याला येत नाही तो अ‍ॅप काढून पुन्हा टाकायला सांगतो. हा सल्ला पाळण्याआधी डेटा कुठे साठतो ते नक्की माहीत असू द्या. डेटा फक्त फोनमध्येच असलेल्या अ‍ॅपमध्ये पुन्हा टाकल्यावर सगळं कोरं होऊ शकतं. कुणी असं सांगितलं तर ते परीक्षणात आवर्जून लिहा.

तिसरा प्रश्न लेखी विचारायचा, ईमेलने किंवा अ‍ॅपमधल्या चॅटवर, म्हणजे उत्तर हातात राहतं: “आम्ही वर्गणी पुढे चालू ठेवली नाही, तर जुनी बिलं वस्तूंच्या ओळींसकट एक्सेलमध्ये मिळतील का? किती दिवस?” या प्रश्नावर कंपनीचा स्वभाव कळतो. काही जण सरळ सांगतात. काही जण विक्री विभागाकडे पाठवतात आणि तिकडून सवलतीचा फोन येतो. उत्तर जसंच्या तसं, तारखेसकट उतरवून घ्या, कारण पुढच्या टप्प्यात ते खरं आहे का हे आपण तपासणार आहोत.

आणखी दोन गोष्टी. फुकटच्या चाचणीत मिळणारी मदत आणि पैसे भरल्यावर मिळणारी मदत सारखी असेलच असं नाही, तुमचा अनुभव कुठल्या टप्प्यातला आहे ते लिहा. आणि मदत करणाऱ्याने पडदा दाखवण्याचं अ‍ॅप टाकायला सांगितलं, तर आधी बँकेची आणि यूपीआयची अ‍ॅप बंद करा. ओटीपी किंवा जीएसटी पोर्टलचा पासवर्ड मागितला तर देऊ नका. बिलाची अडचण सोडवायला त्यांना त्याची गरज पडत नाही. फोनही अ‍ॅपमध्ये किंवा बिलावर दिलेल्या क्रमांकावरच करा, गुगलवर शोधून सापडलेल्या क्रमांकावर नको.

डेटा बाहेर काढणं

इथे सावकाश चला. सुरुवातीलाच तीन गोष्टींची गल्लत होते. पीडीएफ म्हणजे बिलाचा फोटो, त्यावर हिशोब करता येत नाही. बॅकअप म्हणजे त्या अ‍ॅपने स्वतःच्या भाषेत बांधलेलं गाठोडं, ते बहुधा तेच अ‍ॅप सोडवू शकतं. वर्गणी संपलेल्या माणसाला ते गाठोडं पुरेसं नाही. आपल्याला हवी आहे ती एक्सेल किंवा सीएसव्ही फाइल, जी कुठल्याही संगणकावर उघडेल. ‘डेटा तुमचाच, रोज बॅकअप’ असं अ‍ॅपच्या पानावर लिहिलेलं असतं, त्यातून या तिसऱ्या गोष्टीबद्दल काहीच कळत नाही.

काय काय निघायला हवं? वस्तूंची यादी साठ्यासकट. खात्यांची यादी बाकीसकट. विक्री, खरेदी आणि परतावे. आलेले-दिलेले पैसे. यातली सगळ्यात अवघड असते विक्री. बहुतेक ठिकाणी बिलामागे एकच ओळ निघते: क्रमांक, तारीख, नाव, रक्कम. त्या बिलात काय विकलं, हे त्या ओळीत नसतं. आपल्याला वस्तूवार ओळी हव्यात, अशा:

```
बिल,तारीख,खाते,वस्तू,नग,करपात्र,कर
ST/2,05-04-2026,शिंदे सर,वही,6,228.00,0.00
ST/2,05-04-2026,शिंदे सर,कंपासपेटी,1,95.00,4.75
ST/2,05-04-2026,शिंदे सर,कॅल्क्युलेटर,1,475.00,85.50
```

ही फाइल अ‍ॅपमध्ये कुठे असते ते शोधावं लागतं. ‘Sale Report’मध्ये नसेल तर ‘Item wise’ किंवा ‘Sale details’ अशा नावाच्या अहवालात बघा. फोनवर नसेल तर त्याच कंपनीच्या संगणकावरच्या आवृत्तीत कधीकधी असते. कुठे सापडली, किती वेळा बोट लावावं लागलं, आणि कुठल्या वर्गणीत ती उघडते, हे तिन्ही लिहा.

मग ओळी मोजा. आपल्या नमुना दुकानात पहिल्या बिलाच्या तीन, दुसऱ्याच्या तीन, तिसऱ्या-चौथ्याची एकेक, रद्द बिलाची एक आणि परताव्याची एक, मिळून दहा ओळी व्हायला हव्यात. नऊ आल्या तर बहुधा रद्द बिल गायब आहे. ते फाइलमध्ये नसलं तरी त्याचा क्रमांक कुठेतरी दिसायला हवा, कारण जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रात एकूण किती बिलं काढली आणि त्यातली किती रद्द केली, हे विचारतात. अ‍ॅपने रद्द बिलाचा क्रमांक पुढच्या ग्राहकाला देऊन टाकला असेल, तर ती गंभीर चूक म्हणून नोंदवा.

आठ ओळी आल्या तर परतावाही वेगळ्या अहवालात आहे. चालतं, फक्त तो अहवालही निघायला हवा.

यानंतर बेरीज. कराचा रकाना G असेल तर:

```
=SUM(G2:G11)
```

रद्द बिलाची ओळ शून्य आणि परताव्याची उणे असेल तर उत्तर २७९.७५ आलं पाहिजे. ३६५.२५ आलं तर परतावा वजा झालेला नाही, ४५०.७५ आलं तर तो उलटा मिळवला गेला आहे. आणि शून्य आलं, तर आकडे मजकूर म्हणून आले आहेत. त्यांच्यामागे ‘Dr’ चिकटलेलं असेल किंवा आधी रुपयाचं चिन्ह असेल. एक्सेलमध्ये आकडे रकान्याच्या उजव्या कडेला बसतात आणि मजकूर डाव्या, एवढ्यावरून ओळखता येतं.

तारखांचंही तसंच. ०३-०४-२०२६ ही आपल्या लेखी ३ एप्रिल आहे. अमेरिकी पद्धतीवर ठेवलेला संगणक तिला ४ मार्च समजतो, आणि मग बिल एकदम आधीच्या आर्थिक वर्षात जातं. २५-०४-२०२६ ला मात्र पंचविसावा महिना नसल्याने ती मजकूर म्हणूनच राहते. एकाच रकान्यात काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे दिसल्या, की हा घोटाळा झालाच आहे असं समजा. म्हणून नमुन्यात एक बिल महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतलं आणि एक नंतरचं ठेवा. बिलांचे क्रमांक ‘४-२५’ अशा धर्तीचे असतील तर एक्सेल त्यांचीही तारीख करून टाकतं, आणि ८९० ने सुरू होणारा तेरा आकडी बारकोड `8.90123E+12` असा दिसतो.

देवनागरी नावं सीएसव्हीवर दोनदा टिचकी मारून उघडली की कधीकधी ‘à¤¶à¤¿’ असं काहीतरी दिसतं. फाइल बिघडलेली नसते, घाबरू नका. कोरी एक्सेल उघडून `Data` → `From Text/CSV` मधून फाइल आत घ्या, `File Origin` मध्ये `65001: Unicode (UTF-8)` निवडा, आणि तारीख, बिल क्रमांक, बारकोड हे रकाने `Text` ठेवा. वरच्या बऱ्याच अडचणी यानेच जातात. हे मी मुद्दाम सांगतो, कारण एका परीक्षणात मी अ‍ॅपला दोष दिला होता आणि चूक माझ्या फाइल उघडण्याच्या पद्धतीत होती. अ‍ॅपला बोल लावण्याआधी हे करून बघा. मात्र हे सगळं दुकानदाराला करावं लागत असेल, तर तसं लिहा. थेट एक्सेल फाइल देणारं अ‍ॅप या बाबतीत खरोखर उजवं असतं.

शेवटची आणि खरी कसोटी: अ‍ॅप बंद करा आणि फक्त निघालेल्या फाइलींवरून शिंदे सरांचं खातं कागदावर उभं करा. सुरुवातीची बाकी, बिल, परतावा, भरलेले ५००. १,०७७.५० वर पोहोचलात तर डेटा पूर्ण निघाला. माझ्या अनुभवात इथे दोनच गोष्टी कमी पडतात. एक म्हणजे सुरुवातीची बाकी, जी कुठल्याच फाइलमध्ये येत नाही. दुसरी म्हणजे भरलेले पैसे, जे येतात पण कुणाचे ते लिहिलेलं नसतं.

वर्गणी संपू द्या

चाचणीची मुदत सात दिवसांची असो की चौदा, ती संपेपर्यंत थांबा. घाईने पैसे भरू नका आणि अ‍ॅप काढूही नका. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी अ‍ॅप उघडून तीन गोष्टी करून बघा: जुनं बिल दिसतं का, त्याचा पीडीएफ निघतो का, आणि वस्तूवार एक्सेल निघते का. मग तिसऱ्या प्रश्नाला आलेलं लेखी उत्तर शेजारी ठेवा. दोन्ही जुळलं तर तसं लिहा, नाही जुळलं तर दोन्ही तारखांसह लिहा.

हे एवढं ताणून धरायचं कारण कायद्यात आहे. नोंदणीकृत दुकानदाराला हिशोबाची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. छोटं दुकान एकाच अ‍ॅपवर इतकी वर्षं क्वचित टिकतं. तेव्हा अहवाल काढताना एका वेळी एकच आर्थिक वर्ष निघतं की सगळी वर्षं, तेही बघा. चाचणीत हे दिसत नाही, म्हणून मागच्या वर्षाची तारीख टाकून एक जास्तीचं बिल करा आणि ते कसं निघतं ते पाहा. अर्थात ते आधीची मोजणी आटोपल्यावर, नाहीतर दहा ओळींचा हिशोब चुकेल.

लिहायला बसल्यावर

वरतीच सांगा: अ‍ॅपची आवृत्ती, तपासल्याच्या तारखा, फोन कोणता, वर्गणी कुठली आणि पैसे कुणी भरले. कंपनीने वर्गणी फुकट दिली असेल तर पहिल्या परिच्छेदात लिहा. आवृत्तीचा आकडा न देणारं परीक्षण सहा महिन्यांत निरुपयोगी होतं, कारण सूट वजा करण्याची पद्धत एका सुधारणेत बदलू शकते.

पाचपैकी साडेतीन तारे असं काही मी देत नाही. सूट चुकीची धरणारं अ‍ॅप कधीच सूट न देणाऱ्या दुकानाला उत्तम चालतं, आणि तारे मोजणाऱ्याला हे कळत नाही. त्याऐवजी घडलेलं लिहा: ‘दुसऱ्या बिलात कर ९५ आला, ९०.२५ हवा होता. वस्तूवर सूट दिल्यावर बरोबर आला.’ या दोन वाक्यांवरून दुकानदार स्वतः ठरवू शकतो. पडद्याचे फोटो टाकाल तर नमुना दुकानाचेच टाका. कुणाच्या खऱ्या दुकानात तपासलं असेल तर नावं, नंबर आणि यूपीआयचा क्यूआर कोड झाका.

प्रसिद्ध करण्याआधी चुकांची यादी कंपनीला पाठवून चार दिवस द्या. एकदा मला न सापडलेला वस्तूवार अहवाल त्यांनीच दाखवून दिला. तो होता, फक्त फोनवर तीन पडद्यांच्या आत दडलेला. मी ‘नाही’च्या जागी ‘आहे, पण सापडत नाही’ असं लिहिलं आणि वाट दिली.

हे झालं की नमुना दुकानाचं खातं कायमचं पुसायची विनंती अ‍ॅपमधूनच करा. बटण सापडतं का, की फोन करावा लागतो, पुसल्याची लेखी खात्री किती दिवसांनी येते, हे टिपा आणि परीक्षणाच्या खाली तारखेसकट जोडा. मामांच्या त्या जुन्या अ‍ॅपकडे मीही अशीच विनंती केली होती. साठ लोकांची नावं आणि नंबर तिथून गेल्याचं उत्तर यायला सव्वा महिना लागला.